तापमानाच्या कोष्टकातून नेमक्या क्षणाचा बदलाचा दर कसा काढायचा

भांड्यात गरम पाणी निवायला ठेवलं आहे. दर दोन मिनिटांनी थर्मामीटर वाचून आकडे लिहून ठेवले आहेत. आता कुणी विचारलं, की बरोबर आठव्या मिनिटाला पाणी किती वेगाने निवत होतं? गणिताच्या भाषेत हा तापमानाच्या अवकलजाचा, म्हणजे डेरिव्हेटिव्हचा प्रश्न आहे. पण अवकलज काढायला सूत्र लागतं, आणि हातात आहेत फक्त काही सुटे आकडे. मग शेजारच्या नोंदींमधल्या फरकांवरून अंदाज करावा लागतो. अंदाज करायला दोन वजाबाक्या आणि एक भागाकार पुरतो. कोणता फरक घ्यायचा, तो किती रुंद घ्यायचा आणि आलेल्या उत्तरातले किती आकडे खरे मानायचे, हे ठरवण्यात खरी मेहनत आहे.

हे कोष्टक घ्या:

| वेळ (मिनिटं) | तापमान (°से.) |
|---|---|
| ० | ८५.० |
| २ | ७९.३ |
| ४ | ७४.१ |
| ६ | ६९.४ |
| ८ | ६५.२ |
| १० | ६१.४ |
| १२ | ५७.९ |
| १४ | ५४.८ |
| १६ | ५२.० |
| १८ | ४९.४ |
| २० | ४७.१ |

हे आकडे मुद्दाम एका सूत्रावरून तयार केले आहेत, म्हणजे आपला अंदाज खऱ्या उत्तराशी ताडून पाहता येईल. सूत्र आहे `T = 25 + 60·e^(−0.05t)`. खोलीचं तापमान २५ अंश, सुरुवातीला पाणी ८५ अंश, आणि प्रत्येक आकडा साध्या डिजिटल थर्मामीटरसारखा ०.१ अंशापर्यंत राउंड केलेला. आठव्या मिनिटाचा खरा दर या सूत्रावरून −२.०११ अंश प्रति मिनिट येतो. तो बाजूला ठेवू आणि फक्त कोष्टकावरून कुठपर्यंत पोचता येतं ते पाहू.

आधी सगळे शेजारी फरक काढा

एकाच क्षणाचा दर हवा असला तरी फक्त त्याच्या आजूबाजूच्या दोन ओळी घेऊन थांबू नका. पूर्ण कोष्टकाचे फरक काढायला पाच मिनिटं लागतात आणि पुढचं सगळं काम त्यांच्यावर चालतं. प्रत्येक नोंदीतून तिच्या आधीची नोंद वजा करा आणि मधल्या वेळेने, इथे २ ने, भागा. नेहमी नंतरचं वजा आधीचं. हा क्रम मोडला की चिन्ह उलटं होतं आणि निवणारं पाणी कागदावर तापायला लागतं.

भागाकार झाला की आलेल्या दरासमोर वेळ लिहायची आहे. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. ८ ते १० मिनिटांत तापमान ३.८ अंशांनी उतरलं, म्हणजे दर −१.९०. हा दर आठव्या मिनिटाचा म्हणायचा की दहाव्या? दोन्हींचा नाही. तो नवव्या मिनिटाचा आहे. दोन नोंदींमधून काढलेला दर त्या दोन वेळांच्या मधोमध लिहायचा:

| मधली वेळ (मिनिटं) | दर (°से. प्रति मिनिट) |
|---|---|
| १ | −२.८५ |
| ३ | −२.६० |
| ५ | −२.३५ |
| ७ | −२.१० |
| ९ | −१.९० |
| ११ | −१.७५ |
| १३ | −१.५५ |
| १५ | −१.४० |
| १७ | −१.३० |
| १९ | −१.१५ |

मधोमधच का, याचं कारण पक्कं आहे. आलेख थोड्या वेळापुरता `T = at² + bt + c` अशा पॅराबोलासारखा वळतो असं धरा. p आणि q या वेळांमधला सरासरी दर काढला तर तो `a(p+q) + b` येतो. मधल्या वेळेला, म्हणजे `t = (p+q)/2` ला, स्पर्शिकेचा उतार `2at + b` हाही तेवढाच भरतो. म्हणजे पॅराबोलासाठी दोन्ही तंतोतंत सारखे. निवणाऱ्या पाण्याचा आलेख पूर्ण पॅराबोला नसतो, पण चार-पाच मिनिटांच्या तुकड्यात त्याच्या खूप जवळ जातो. म्हणून दर मधल्या वेळेचा मानल्यावर चूक अगदी किरकोळ राहते. कडेच्या वेळेचा मानला तर ती लगेच मोठी होते.

किती मोठी? आपल्या कोष्टकात सातव्या मिनिटाला −२.१० आणि नवव्याला −१.९०, म्हणजे दर स्वतः मिनिटाला साधारण ०.१ ने बदलतो आहे. −१.९० हा नवव्या मिनिटाचा दर आठव्याचा म्हणून दिला, तर एका मिनिटाची गल्लत आणि ०.१ ची चूक. म्हणजे उत्तरात ५ टक्के. −२.१० दिला तर तेवढीच चूक उलट बाजूला. पाठ्यपुस्तकातल्या ‘पुढचा फरक’ आणि ‘मागचा फरक’ या पद्धतींत हीच उणीव आहे: फरक बरोबर असतो, वेळेची चिठ्ठी चुकीच्या जागी लागते.

आठव्या मिनिटाचा दर

आता काम सोपं झालं. आठवं मिनिट सात आणि नऊच्या बरोबर मध्ये आहे, म्हणून दोन दरांची सरासरी:

(−२.१० − १.९०) ÷ २ = −२.००

हेच थेटही करता येतं. आठव्याच्या अलीकडची आणि पलीकडची नोंद घ्या, मधली सोडा: (६१.४ − ६९.४) ÷ (१० − ६) = −८.० ÷ ४ = −२.००. याला मध्य फरक म्हणतात. ६५.२ ही आठव्या मिनिटाची नोंद या गणितात कुठेच येत नाही, याने बरेच जण गोंधळतात. पण मागच्या फरकात ती बेरजेच्या चिन्हाने येते आणि पुढच्या फरकात वजाबाकीच्या, म्हणून सरासरीत ती उडून जाते. भाजक ४ आहे, २ नाही, हेही लक्षात ठेवा. दोन पावलांचा फरक घेऊन एका पावलाने भागणं ही परीक्षेतली नेहमीची चूक. उत्तर शेजारच्या दरांच्या दुप्पट आलं, की ती झाली आहे असं समजा.

उत्तराला एकक लावा: मिनिटाला उणे २ अंश सेल्सिअस. सेकंदाला हवं असेल तर ६० ने भागा, उणे ०.०३३ येईल. फॅरनहाइटमध्ये हवं असेल तर १.८ ने गुणा, उणे ३.६ येईल, इथे ३२ मिळवायचे नसतात, कारण आपण तापमान नाही, तापमानातला फरक बदलून घेतो आहोत.

विचारलेली वेळ कोष्टकात नसेल, समजा साडेआठ मिनिटं, तरी युक्ती तीच. सातला −२.१०, नऊला −१.९०, साडेआठ हे सातपासून दीड मिनिट पुढे, एकूण दोन मिनिटांतलं पाऊण अंतर. म्हणून −२.१० + ०.७५ × ०.२० = −१.९५. सूत्रावरून खरं उत्तर −१.९६१ आहे.

नोंद राहून गेली असेल तर

दहाव्या मिनिटाची नोंद घ्यायची राहिली असं समजा. आठच्या आजूबाजूला आता ६, ८ आणि १२ उरले. डावीकडे दोन मिनिटांचं अंतर, उजवीकडे चार. अशा वेळी सवयीने ६ आणि १२ ची टोकं जोडली, तर (५७.९ − ६९.४) ÷ ६ = −१.९२ येतं. हा आकडा चुकीचा नाही, पण तो ६ आणि १२ च्या मधल्या, म्हणजे नवव्या मिनिटाचा आहे. आपल्याला हवा आहे आठव्याचा.

दर आणि मधल्या वेळा पुन्हा मांडा. ६ ते ८ चा दर −२.१०, मधली वेळ ७. ८ ते १२ चा दर −७.३ ÷ ४ = −१.८२५, मधली वेळ १०. आठ हे सातपासून एक मिनिट पुढे आहे आणि सात ते दहा हे अंतर तीन मिनिटांचं आहे, म्हणून एक तृतीयांश सरकायचं:

−२.१० + (०.२७५ ÷ ३) = −२.००८

खऱ्या उत्तरापासून फक्त ०.००३ दूर. दोन दरांची नुसती सरासरी काढली असती तर −१.९६ आलं असतं. जवळच्या बाजूच्या दराला जास्त वजन मिळायला हवं, आणि मधल्या वेळेच्या हिशेबात ते आपोआप मिळतं. वेगळं सूत्र पाठ करायची गरज नाही.

कोष्टकाच्या टोकालाही हेच. शून्य मिनिटाच्या मागे नोंदच नाही, म्हणून मध्य फरक निघत नाही. पहिले दोन दर पाहा: १ ला −२.८५, ३ ला −२.६०. दोन मिनिटांत ०.२५ चा बदल, म्हणजे मिनिटाला ०.१२५. एकवरून शून्यावर यायला एक मिनिट मागे जायचं, म्हणून −२.८५ − ०.१२५ = −२.९७५. खरा दर −३.०० आहे. नुसता पहिला फरक घेऊन −२.८५ वर थांबलो असतो तर चूक सहापट झाली असती. टोकाचा अंदाज मधल्यापेक्षा डळमळीतच असतो: इथे राउंडिंगमुळेच ०.१ पर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. म्हणून एखाद्या क्षणाचा दर लागणार हे आधीच ठाऊक असेल, तर नोंदी त्या क्षणाच्या थोड्या आधीपासून सुरू करा.

वेळेच्या नोंदीबद्दलही इथेच सांगायला हवं. कोष्टकात ‘१०’ लिहिलं आणि प्रत्यक्षात थर्मामीटर पाच सेकंद उशिरा वाचला, तर तेवढ्यात पाणी ०.१५ अंशाने उतरलेलं असतं. मध्य फरकात ते ४ ने भागलं जाऊन दरात जवळजवळ ०.०४ ची चूक घुसते, ती थर्मामीटरच्या राउंडिंगमुळे येणाऱ्या चुकीपेक्षा मोठी आहे. वेळ चुकली तर गोल आकडा लिहू नका, घड्याळात दिसलेली खरी वेळ लिहा. असमान अंतराचा हिशेब कसा करायचा ते वर आलंच आहे.

चुकलेली नोंद ओळखणं

दरांचं दुसरं कोष्टक वरून खाली वाचा: −२.८५, −२.६०, −२.३५, −२.१०, −१.९०… आकडे एका लयीत बदलतात. आता समजा बाराव्या मिनिटाला ५७.९ ऐवजी ५८.९ लिहिलं गेलं. मूळ कोष्टकात ही चूक डोळ्याला दिसत नाही, तापमान उतरतच असतं. पण नोंदींमधले फरक असे होतात: −४.२, −३.८, −२.५, −४.१, −२.८. मध्येच निवणं मंदावलं आणि लगेच पुन्हा वाढलं, असं पाणी करत नाही.

आणखी खात्री हवी असेल तर फरकांचे फरक काढा. चांगल्या कोष्टकात ते ०.५, ०.५, ०.५, ०.४, ०.३, ०.४ असे लहान आणि एकाच चिन्हाचे येतात. बिघडलेल्या कोष्टकात १०, १२ आणि १४ या वेळांसमोर १.३, −१.६, १.३ दिसतील. एका नोंदीत चूक असेल तर ती दुसऱ्या फरकात नेहमी १, −२, १ या प्रमाणात पसरते, आणि मधला उलट्या चिन्हाचा आकडा दोषी नोंदीसमोर येतो. नेहमीच्या ०.३, ०.४, ०.३ मधून ही वाढ मोजली तर १, −२, १ अंश मिळते, म्हणजे नोंद १ अंशाने जास्त लिहिली गेली आहे. वाचताना एक अंशाची किंवा दहा अंशांची गफलत ही सगळ्यांत नेहमीची असते, म्हणून निदान बहुतेक वेळा बसतं. तरी आकडा परस्पर दुरुस्त करून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. मूळ वही पाहता येत नसेल तर ती नोंद वगळा आणि असमान अंतराचा हिशेब करा.

फरक किती रुंद घ्यायचा

अवकलजाच्या व्याख्येत वेळेचं अंतर शून्याकडे नेतात. त्यामुळे अंतर जितकं लहान तितका अंदाज चांगला असं वाटतं, आणि मग दर दहा सेकंदांनी नोंदी घेतल्या जातात. त्याच पाण्याच्या, त्याच थर्मामीटरवरच्या, आठव्या मिनिटाच्या आसपासच्या दहा-दहा सेकंदांच्या नोंदी अशा येतील: ६५.९, ६५.६, ६५.२, ६४.९, ६४.६, ६४.२. फरक −०.३, −०.४, −०.३, −०.३, −०.४. दहा सेकंद म्हणजे मिनिटाचा सहावा भाग, म्हणून ६ ने गुणायचं: −१.८, −२.४, −१.८, −१.८, −२.४.

पाणी एकसारखं निवतं आहे, पण कागदावरचा दर १.८ आणि २.४ मध्ये उड्या मारतो. दहा सेकंदांत खरा बदल ०.३३५ अंशांचा आहे, थर्मामीटर ०.१ च्या पायऱ्यांनीच बोलतो, म्हणून तो कधी ०.३ सांगतो, कधी ०.४. मधलं काही सांगणं त्याला शक्यच नाही. फरकातली ही लहानशी चूक लहान अंतराने भागली की फुगते.

हिशेब सरळ आहे. प्रत्येक नोंद फार तर ०.०५ ने चुकलेली असते, दोन नोंदींच्या फरकात फार तर ०.१. म्हणून राउंडिंगमुळे दरात येणारी चूक म्हणजे ०.१ भागिले दोन नोंदींमधला वेळ. दहा सेकंदांसाठी ती ०.६, चार मिनिटांसाठी ०.०२५. रुंदी वाढवली की ही चूक घटते.

पण रुंदी वाढवताना आलेखाचं वळण आड येतं. लांबच्या दोन नोंदी जोडणारी रेघ आणि मधली स्पर्शिका यांचे उतार आता तेवढे जुळत नाहीत. आठव्या मिनिटाभोवती मध्य फरक वेगवेगळ्या रुंदीने काढून पाहा:

| दोन्ही बाजूंना | हिशेब | दर | राउंडिंगची कमाल चूक |
|---|---|---|---|
| २ मिनिटं | (६१.४ − ६९.४) ÷ ४ | −२.००० | ०.०२५ |
| ४ मिनिटं | (५७.९ − ७४.१) ÷ ८ | −२.०२५ | ०.०१३ |
| ६ मिनिटं | (५४.८ − ७९.३) ÷ १२ | −२.०४२ | ०.००८ |
| ८ मिनिटं | (५२.० − ८५.०) ÷ १६ | −२.०६३ | ०.००६ |

हे कोष्टक वाचायचं कसं ते नीट पाहा, कारण प्रत्यक्ष कामात खरं उत्तर ठाऊक नसतं आणि निर्णय यावरूनच घ्यावा लागतो. २ वरून ४ वर जाताना दर ०.०२५ ने बदलला. दोन्ही ओळींच्या राउंडिंगच्या मर्यादा मिळून ०.०३८ होतात, म्हणजे हा बदल नुसत्या राउंडिंगनेही होऊ शकतो. त्यावरून काही ठरत नाही. ४ वरून ८ वर जाताना बदल ०.०३८ आहे आणि मर्यादांची बेरीज ०.०१९. हा बदल राउंडिंगने समजावता येत नाही. शिवाय आकडे एकाच दिशेने सरकत चालले आहेत. ही वळणाची खूण आहे, म्हणून ८ ची रुंदी जास्त झाली. २ किंवा ४ ठेवा. खरं उत्तर −२.०११ या दोघांच्या मध्ये बसतं.

नेमकी रुंदी हवी असेल तर सूत्र आहे: एका बाजूची रुंदी = घनमूळ(३ × एका नोंदीची चूक ÷ तिसरा अवकलज). तिसऱ्या अवकलजाचा अंदाजही कोष्टकातूनच घ्यायचा, पण दोन मिनिटांच्या फरकांवरून नको. तिथे तिसरे फरक −०.१, ०, ०.१ असे नुसते राउंडिंगमध्ये लोळतात. चार-चार मिनिटांच्या नोंदी घ्या: ८५.०, ७४.१, ६५.२, ५७.९, ५२.०. पहिले फरक −१०.९, −८.९, −७.३, −५.९. दुसरे २.०, १.६, १.४. तिसरे −०.४, −०.२, सरासरी −०.३. चिन्ह सोडून ४ च्या घनाने, ६४ ने, भागलं की ०.००४७. मग ३ × ०.०५ ÷ ०.००४७ म्हणजे सुमारे ३२, आणि त्याचं घनमूळ ३.२. म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-एक मिनिटं. आपल्या नोंदी २ आणि ४ वर आहेत. दोन्ही चालतील, कारण या सर्वोत्तम रुंदीच्या आसपास एकूण चूक फार हळू बदलते.

थर्मामीटरचा आकडा स्वतःच दोन-तीन दशांशांनी थरथरत असेल, तर एका जोडीवर विसंबू नका. पाच नोंदींमधून सर्वांत जुळणारी सरळ रेघ काढली की तिच्या उताराचं सूत्र असं निघतं: जवळच्या दोन नोंदींचा फरक, अधिक लांबच्या दोन नोंदींच्या फरकाची दुप्पट, आणि सगळ्याला दहा पावलांच्या वेळेने भागायचं. इथे (−८.० + २ × (−१६.२)) ÷ २० = −४०.४ ÷ २० = −२.०२.

उत्तर लिहिताना कॅल्क्युलेटरवरचे सगळे आकडे उतरवू नका. दोन मिनिटांच्या रुंदीने ‘−२.०० ± ०.०३ °से. प्रति मिनिट’ इतकंच म्हणता येतं. त्यात २५ हजारांश राउंडिंगचे आहेत, आणि वळणाचे तीनेक हजारांश.

स्प्रेडशीटमध्ये

A स्तंभात वेळ, B मध्ये तापमान, दुसऱ्या ओळीपासून नोंदी. मग आठवं मिनिट सहाव्या ओळीत येतं. C मध्ये मध्य फरक:

```
=(B7-B5)/(A7-A5)
```

भाजकात थेट ४ लिहू नका, वेळांची वजाबाकीच ठेवा. एखादी ओळ गळली किंवा वेळ हलली तर निदान भागाकार तरी बरोबर राहील. वेळ ०८:१०:०० अशा घड्याळी स्वरूपात भरली असेल, तर स्प्रेडशीट ती दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवते. त्यामुळे दर दिवसाला किती अंश असा निघतो, आणि −२ ऐवजी −२८८० दिसतं. दिवसात १४४० मिनिटं, म्हणून:

```
=(B7-B5)/((A7-A5)*1440)
```

पायथॉनमध्ये काम करत असाल तर `np.gradient(T, t, edge_order=2)` असमान अंतरं आणि टोकं यांचा वर केला तसाच हिशेब करतं. `t` द्यायला विसरलात तर ते पाऊल १ धरतं आणि आपल्या कोष्टकात सगळे दर दुप्पट येतात.

ज्या दोषांनी दर बिघडत नाही आणि ज्यांनी बिघडतो

थर्मामीटर सतत अर्धा अंश जास्त दाखवत असेल तर दराला काहीही धक्का लागत नाही, वजाबाकीत तो अर्धा अंश उडून जातो. मात्र नोंदी चालू असताना मध्येच दुसरा थर्मामीटर घेतला, तर दोघांमधला फरक थेट दरात येतो. ज्या जोडीच्या एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला नवा असेल, ती जोडी वापरू नका.

थर्मामीटर सावकाश प्रतिसाद देणारा असेल तर मामला वेगळा. त्याला पंधरा सेकंदांचा विलंब असेल आणि पाणी मिनिटाला २ अंशांनी निवत असेल, तर तो अर्धा अंश जास्त दाखवतो, पण दर जवळजवळ बरोबर देतो. फक्त तो दर पंधरा सेकंदांपूर्वीचा असतो. आपल्या कोष्टकात याने ०.०२५ चा फरक पडेल. पण थर्मामीटर नुकताच पाण्यात बुडवला असेल तेव्हाच्या नोंदी टाकूनच द्या. त्या वेळी तो पाण्याचा नाही, स्वतःचा तापण्याचा वेग सांगत असतो.

शेवटची अडचण सर्वांत मोठी: आलेखात कोन असणं. समजा हीटर दहाव्या मिनिटापर्यंत चालू होता आणि पाणी मिनिटाला १.५ अंशांनी तापत होतं. मग तो बंद झाला आणि पाणी मिनिटाला १ अंशाने निवायला लागलं. दहाव्या मिनिटाचा मध्य फरक काढला तर ०.२५ येतो. पाणी कधीच या वेगाने तापलेलं नाही. मध्य फरक दोन्ही बाजूंना एकच मऊ वळण आहे असं गृहीत धरतो आणि इथे ते नाही. झाकण ठेवणं, ढवळणं, गार पाणी ओतणं, बर्फ संपणं, या सगळ्यांनी असाच कोन पडतो. दरांच्या कोष्टकात तो चुकलेल्या नोंदीपेक्षा वेगळा दिसतो: चुकलेल्या नोंदीनंतर दर पुन्हा जुन्या लयीत येतात, कोनानंतर मात्र ते नव्या पातळीवरच राहतात. अशा वेळी कोनाच्या अलीकडच्या नोंदींमधून टोकाच्या पद्धतीने एक दर काढा, पलीकडच्या नोंदींमधून दुसरा, आणि दोन्ही वेगवेगळे लिहा: दहाव्या मिनिटाआधी +१.५, नंतर −१.०. त्या नेमक्या क्षणी एक असा अवकलज अस्तित्वातच नसतो.